व्हाइस स्टॉपरची किंमत: एकाच वस्तूचे दोन हिशोब

२ जून, सोमवार

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आजवर सगळं जॉबवर्क चाललं. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, लोखंडही बहुतेकदा त्याचंच, आम्ही विकतो तो मशीनचा वेळ. व्हाइस स्टॉपर ही आमची स्वतःची पहिली वस्तू. नमुने तयार आहेत, आता दर काढायचा आहे. अण्णांनी सांगितलं, "खर्च काढ, वर पंचवीस टक्के लाव, संध्याकाळपर्यंत दर दे." मी आठवडाभर मागून घेतला, कारण हा दर दोन पद्धतींनी, एकदा आपल्या खर्चावरून आणि एकदा गिऱ्हाइकाच्या फायद्यावरून, काढून शेजारी शेजारी ठेवून बघायचा आहे. ही वही त्यासाठीच.

वस्तू काय ते आधी लिहून ठेवते. व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. त्याच्या टेबलावर जॉब पकडायला व्हाइस, म्हणजे शिकंजा, बसवलेला असतो. त्यात प्रत्येक जॉब डाव्या-उजव्या दिशेने नेमक्या त्याच जागी टेकला पाहिजे, नाहीतर भोकं सरकतात. म्हणून व्हाइसच्या कडेला एक दांडी लावतात आणि जॉब तिला टेकवून पकडतात. भोसरी-चाकण पट्ट्यात बहुतेक ठिकाणी हे काम वाकवलेली पट्टी आणि एक बोल्ट करतात. आमच्या स्टॉपरचा ठोकळा व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्याला कडेने बोल्टने बसतो. दांडीवर दर १० मिमीला खाच आहे आणि खाचेत पिन बसते. महिन्याने तोच जॉब परत आला तर सेटिंगच्या कागदावर लिहिलेल्या खाचेत पिन टाकायची, दांडीचं टोक ०.०३ मिमीच्या आत जुन्या जागी येतं. कंट्रोलरमध्ये G54 ला साठवलेला एक्स-शून्य, म्हणजे डाव्या-उजव्या मापाची सुरुवात, तसाच चालतो, जॉबची कड शोधणारा एज फाइंडर पुन्हा लावावा लागत नाही. व्हाइसच टेबलावरून काढून परत बसवला असेल तर मात्र हे सगळं रद्द, शून्य नव्याने काढायचं.

५ जून, गुरुवार

गुरुवारची सुट्टी, त्यामुळे शेड शांत. वहिनींनी बिलांची फाइल काढून दिली. एका नगाचा खर्च असा बसतो:

ईएन ८ पोलादाचा माल, कटिंगसकट, सुट्या दांडीसह: ९५
आमच्या व्हीएमसीवर १८ मिनिटं: १५०
दांड्यांचं लेथकाम आणि खाचा, बाहेरून: ९०
ब्लॅकोडायझिंग: २०
ॲलन बोल्ट, नॉब, पिन: ६५
फिटिंग, बर काढणं, तपासणी: ४५
डबा आणि लेबल: ३५

एकूण ५०० रुपये. सगळे आकडे जीएसटी सोडून. आमचे खरेदीदार नोंदणीकृत आहेत, १८ टक्के कर त्यांना इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, त्यामुळे त्यांच्या डोक्यातली तुलनाही कराशिवायच्या दरांचीच असते.

यात नगागणिक न बदलणारा खर्च आलेला नाही. फिक्स्चर, ड्रॉइंग आणि नमुने मिळून २४,००० झाले. वर्षभराचा छापील कॅटलॉग, गिऱ्हाइकांकडच्या फेऱ्या, पेट्रोल यांना ३६,००० धरले. मिळून ६०,०००. हे पैसे विकल्या जाणाऱ्या नगांवर वाटायचे, आणि गाडी इथेच अडते. वर्षात १०० नग विकले तर प्रत्येकावर ६०० पडतात, खर्च १,१०० होतो आणि पंचवीस टक्के लावून दर १,३७५. २०० विकले तर खर्च ८००, दर १,०००. ४०० विकले तर खर्च ६५०, दर ८१२.

म्हणजे दर काढायला आधी खप माहीत हवा. खप किती होईल हे तर दरावर ठरणार. जॉबवर्कमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण गिऱ्हाईक चौकशीतच सांगतं, ५०० नग, दर महिन्याला. स्वतःच्या वस्तूला असं सांगणारं कोणी नाही. याचा वाईट शेवट कसा होतो तेही आकड्यांतच दिसतं. २०० धरून १,००० दर लावला आणि खप १०० वर थांबला, तर पुढच्या वर्षी हिशोब म्हणतो खर्च १,१०० झाला, दर १,३७५ करा. दर वाढला की खप आणखी घटतो, हिशोब पुन्हा दर वाढवायला सांगतो. प्रत्येक पायरीवरची बेरीज बरोबर असते, तरी वस्तू बाजारातून बाहेर पडते.

तूर्त २०० धरले. खर्चाधारित दर १,००० रुपये.

६ जून, शुक्रवार

कालच्या यादीतल्या १५० बद्दल. आमचा मशीन अवर रेट ५०० आहे, कारण हप्ता, ऑपरेटर, वीज आणि भाडं मिळून महिन्याला सव्वा लाख लागतात आणि मशीन २५० तास चालतं असं आम्ही धरतो. मशीनला काम नसेल तर हप्ता आणि पगार तसेही जाणारच, स्टॉपरच्या १८ मिनिटांनी खिशातून जास्तीचे थोडेच पैसे जातात. उलट मशीन भरलेलं असेल आणि बाहेरचं काम ६५० रुपये तासाने मिळत असेल, तर त्याच १८ मिनिटांत आम्ही १९५ चं बिल सोडतो. यादीतला १५० हा या दोन्हींच्या मधला सोयीचा आकडा आहे.

अण्णा खर्चाचा आकडा "पक्का" म्हणतात आणि गिऱ्हाइकाच्या फायद्याचा हिशोब "अंदाज". माझ्या मते अंदाज दोन्हीकडे आहे. पाचशेतले दीडशे मशीन किती तास चालेल या अंदाजावर उभे आहेत आणि वाटून घेतलेले तीनशे खपाच्या अंदाजावर.

९ जून, सोमवार

चहाच्या वेळी अण्णांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं मला नीट नोंदवायचं आहे, कारण ते नुसत्या सवयीतून आलेलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत काम केलं. तिथे खरेदी विभाग कोटेशनसोबत कॉस्ट ब्रेकअप मागतो: मालाचं वजन आणि दर, प्रत्येक ऑपरेशनचा वेळ आणि दर, ओव्हरहेड, नफा, सगळं वेगळं वेगळं. लोखंडाचा भाव बदलला की फक्त मालाच्या ओळीत फरक करून दर सुधारतात. अशा धंद्यात खर्च अधिक नफा हीच दोघांना समजणारी भाषा, आणि तिथे ती चालते, कारण तोच पार्ट त्याच ड्रॉइंगवर बनवणारे शेजारी दहा जण आहेत.

"पण अण्णा, हा पार्ट त्यांच्या ड्रॉइंगवरचा नाही," मी म्हटलं. "आपला खर्च कमी झाला तर त्यांचा फायदा बदलतो का?"

"नाही बदलत. पण हजाराची वस्तू दोन हजाराला विकायची म्हणजे लुटणं झालं."

"हजाराची ती आपल्या हिशोबाने, त्यांना किती वाचवते ते अजून कुठे बघितलंय आपण? बघून येते, मग ठरवा."

अण्णा म्हणाले, "जा. पण मालकाला विचारू नकोस. ऑपरेटरला विचार."

११ जून, बुधवार

चिंचवडच्या एका जॉब शॉपमध्ये दिवसभर होते. तीन व्हीएमसी, लहान लहान लॉट, तेच जॉब फिरून परत येतात. "किती रुपये द्याल?" हा प्रश्न मी ठरवून विचारला नाही. त्याला लोक एक तर सौद्याचा आकडा सांगतात, नाहीतर भिडेखातर मोठा. विचारायचं ते एवढंच: आत्ता काय वापरता, त्याने काय होतं, कशावर किती वेळ जातो.

मालक म्हणाले, एका मशीनवर दिवसाला चार-पाच सेटिंग बदलतात. त्यांच्या परवानगीने जॉबकार्डं चाळली. सरासरी एका मशीनवर दोन निघाली. पट्टीच्या स्टॉपरवर सेटिंग बदलायला स्टॉपवॉचवर साधारण ६ मिनिटं लागली: बोल्ट सैल करा, पट्टी सरकवा, एज फाइंडर लावा, पहिला जॉब मोजा. आमचा नमुना बसवून परत येणाऱ्या जॉबवर तेच २ मिनिटांत झालं. फरक ४ मिनिटं. रिजेक्शनचं रजिस्टरही दाखवलं त्यांनी. जागा सरकल्यामुळे गेलेले जॉब तीन महिन्यांत मशीनमागे ४, प्रत्येकी सुमारे ३०० चं नुकसान.

सगळ्यात कामाची गोष्ट ऑपरेटरने सांगितली. एका मशीनवर काम कायम साचलेलं असतं, जॉब ओळीत थांबतात. उरलेली दोन दुपारनंतर बऱ्याचदा मोकळी. ही माहिती नसती तर पुढचा सगळा हिशोब फसवा झाला असता.

१३ जून, शुक्रवार

मूल्याधारित हिशोबाची रीत अशी. गिऱ्हाइकाने आपली वस्तू घेतली नाही तर तो दुसरं जे काही वापरेल त्याची किंमत धरायची. आपली वस्तू त्याहून जिथे सरस आहे तिथे रुपयांत किती फायदा, ते त्यात मिळवायचं. जिथे ती कमी पडते ते वजा करायचं. जो आकडा येतो ते त्या गिऱ्हाइकासाठी वस्तूचं मूल्य. दर त्याच्या खाली कुठेतरी ठरतो.

आधी पट्टीच्या जुगाडाशी तुलना केली. तो करून घ्यायला त्यांना २५० रुपये पडतात. दिवसाला दोन सेटिंग, प्रत्येकी ४ मिनिटं, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे २,४०० मिनिटं, ४० तास. काम साचलेल्या मशीनवर तासाचं बिल ६००, त्यातून वीज आणि टूलचे १०० गेले तर तासाला ५०० सुटतात. चाळीस तासांचे २०,०००.

हा आकडा असाच पुढे न्यायला माझं मन घेईना. चार-चार मिनिटांचे तुकडे वाचले म्हणून शिफ्टच्या शेवटी तेवढे जॉब जास्त निघतात असं होत नाही. काही मिनिटं पुढच्या कामात मिसळतात, काही विरून जातात. म्हणून निम्मेच धरले, १०,०००. रिजेक्शन वर्षाला ४,८०० चं, तेही निम्मंच टळेल असं धरून २,४००.

वजा बाजू लिहिताना मामा शेजारी बसले होते. मामा आमचे सर्वांत जुने फिटर. ते म्हणाले, "ताई, व्हाइसला एम ८ चं भोक आणि आटे पाडायला अर्धा तास मशीन थांबेल, ते लिहा. आणि कधीतरी कोणीतरी दांडी कटरच्या वाटेत ठेवणार, एक एंड मिल जाणार." भोक पाडण्याचे ३००, एंड मिलचे ९००. काही व्हाइसना कडेला आटे आधीपासून असतात, तिथे तीनशे वाचतील.

२५० + १०,००० + २,४०० − १,२०० = ११,४५०

मोकळ्या मशीनवर तोच हिशोब मांडला तर वेळेची ओळ शून्य होते. ऑपरेटरचा पगार महिन्याचा आहे, मशीन तसंही थांबलेलं आहे, वाचलेल्या चार मिनिटांतून एक रुपयाही हातात येत नाही.

२५० + ० + २,४०० − १,२०० = १,४५०

एकच शेड, एकच मालक, शेजारी शेजारी उभी दोन मशीनं आणि मूल्यात जवळपास आठपट फरक. खर्चाच्या तक्त्यात हा फरक दिसायला कुठे जागाच नाही, कारण आमचा खर्च दोन्हीकडे ५०० च राहतो.

१४ जून, शनिवार

साडेअकरा हजार ऐकून अण्णा गप्प बसले, पण मामांनी ओळखीच्या टूल रूममधून एक आयात केलेला स्टॉपर उसना आणून टेबलावर ठेवला. ऑनलाइन २,२०० ला मिळतो. काम छान आहे, क्लॅम्पने बसतो, भोकही पाडावं लागत नाही.

कालचा ११,४५० त्याच्यासमोर टिकत नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. पट्टीच्या तुलनेत जो वेळ वाचतो त्यातला बराचसा हा आयात स्टॉपरही वाचवतो. मग त्या वाचलेल्या वेळेचं श्रेय आम्ही मागू शकत नाही. गिऱ्हाइकाला तो फायदा २,२०० मध्ये दुसरीकडे मिळतोच आहे. तुलना करायची ती गिऱ्हाइकाला खरोखर उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाशी, आज तो वापरत असलेल्या वस्तूशी नव्हे. ज्याचं काम साचलेलं आहे तो माणूस आज ना उद्या हा स्टॉपर शोधणारच.

म्हणून नवा हिशोब २,२०० पासून. आयात स्टॉपरची दांडी गुळगुळीत आहे, परत आलेल्या जॉबवर शून्य पुन्हा काढावा लागतो. खाचांमुळे आमचा स्टॉपर सगळी सेटिंग धरून सरासरी १ मिनिट पुढे. वर्षाचे १० तास, ५,०००, निम्मे धरून २,५००. दांडी दोन वर्षांतून एकदा तुटते किंवा वाकते असं मामा सांगतात. त्याची सुटी दांडी मिळत नाही, पूर्ण नवा घ्यावा लागतो, म्हणजे वर्षाला १,१००. आमच्या डब्यात सुटी दांडी आहेच. रिजेक्शन दोघांचं सारखं, एंड मिलचा धोकाही सारखा, त्या ओळी गळल्या. भोक पाडण्याचे ३०० आमच्याकडून वजा.

२,२०० + २,५०० + १,१०० − ३०० = ५,५००

कालच्यापेक्षा निम्म्याहून कमी, पण या आकड्यावर मी कोणाहीसमोर उभी राहू शकते.

आता दर किती? ५,५०० लावला तर गिऱ्हाइकाकडे काही उरत नाही, आणि काही उरत नसेल तर अनोळखी वस्तू तो का घेईल. अर्धंअर्धं वाटून घ्या असा एक ठोकताळा सांगतात, मला त्याला आधार दिसत नाही. मी दुसरा निकष लावला: माझा सर्वांत कच्चा आकडा पूर्ण खोटा निघाला तरी गिऱ्हाईक फायद्यात राहिलं पाहिजे. सर्वांत कच्चा म्हणजे वेळेचे २,५००. ते शून्य केले तर मूल्य ३,००० उरतं. दर २,४०० ठेवला तर तेव्हाही त्याचे ६०० सुटतात. आयातीपेक्षा आमचा दर २०० ने जास्तच आहे, आणि ते दोनशे का, हे एका वाक्यात सांगता येतं: खाच आणि सुटी दांडी.

१७ जून, मंगळवार

बाकीच्या गिऱ्हाइकांकडून आले. मोठ्या लॉटचं काम करणाऱ्या कारखान्यात प्रत्येक पार्टला स्वतंत्र फिक्स्चर आहे. तिथे व्हाइसच नाही, आमच्या वस्तूचं मूल्य शून्य, शंभर रुपयेसुद्धा जास्त. साच्यांचं काम करणाऱ्या टूल रूममध्ये प्रत्येक जॉब एकदाच येतो, खाचांचा उपयोग नाही, पण ठोकळ्याचा कडकपणा आवडला. एकच मशीन असलेल्या दोघातिघांना पट्टी पुरते, थोडी बरी वस्तू मिळाली तर हवी आहे.

मोकळी मशीनं, टूल रूम आणि हे छोटे, अशा सगळ्यांसाठी साधा प्रकार काढायचा: गुळगुळीत दांडी, पिन नाही, सुटी दांडी नाही. लेथकाम, पिन आणि माल मिळून खर्च शंभराने कमी, ४००. मोकळ्या मशीनचं मूल्य १,४५० होतं, दर ९५०.

साधा प्रकार स्वस्त आहे म्हणून काम साचलेल्या मशीनसाठीही लोक तोच नेतील का? काही जण नेतील. पण तिथे खाच हेच खरं कारण आहे आणि ती साध्यात मुळीच नाही. दोन प्रकारांतला फरक नुसत्या रंगाचा किंवा डब्याचा असता तर ही भिंत टिकली नसती.

१८ जून, बुधवार

अण्णांसाठी एका पानावर तुलना मांडली. १,००० दराने नगामागे ५०० सुटतात, ६०,००० भरून यायला १२० नग लागतात, २०० नग गेले तर हातात ४०,०००. २,४०० दराने नगामागे १,९०० सुटतात, ३२ नगांत ६०,००० भरतात, आणि तेच ४०,००० मिळायला ५३ नग पुरतात. म्हणजे दर वाढवल्याने चारपैकी जवळजवळ तीन गिऱ्हाइकं गेली तरी आम्ही होतो तिथेच. आणि ५३ नगांना व्हीएमसीचे सोळा तास लागतात, दोनशेंना साठ.

अण्णांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मग तू पाचशेचा हिशोब केलास कशाला?" दर ठरवायला त्याचा उपयोग नव्हता, पण ही वस्तू करावी की नाही, सवलत कुठपर्यंत देता येईल आणि साधा प्रकार परवडतो का, हे तिन्ही त्याच तक्त्यातून कळलं. मूल्य ४५० निघालं असतं तर आम्ही फिक्स्चर मोडून जॉबवर्कला लागलो असतो. असं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी चिंचवडला महिनाभर नमुना ठेवायला हो म्हटलं.

१४ जुलै, सोमवार

चिंचवडला दराचं बोलणं. महिन्यात ऑपरेटरने सेटिंगच्या कागदावर खाचेचे आकडे लिहायला स्वतःहून सुरुवात केली होती. मालकांना माझ्या कागदापेक्षा त्या कागदाने जास्त पटलं. तरी सौदा झालाच: "तीन घेतो, दीड हजाराने लावा."

मी म्हटलं, "साचलेल्या मशीनला खाचेचा घ्या, उरलेल्या दोघांना साधे पुरतील. तुमचे पैसेही कमी जातील." तीन पूर्ण दीड हजाराने म्हणजे ४,५००. एक खाचेचा आणि दोन साधे म्हणजे ४,३००. त्यांनी तेच घेतले.

परत आल्यावर अण्णांनी लगेच वजाबाकी केली. दीड हजाराने तीन दिले असते तरी ३,००० सुटले असते, असे दिले तरी ३,०००. "मग ताणलंस कशाला?" कारण त्याच गल्लीतला पुढचा माणूस त्यांना फोन करून विचारणार, कितीला पडला. उत्तर २,४०० असलं पाहिजे. सवलत द्यायची तर वस्तूतलं काहीतरी कमी करून द्यायची. तीच वस्तू तशीच कमी पैशांत दिली की मग २,४०० हा दर राहत नाही, सौद्याची सुरुवात होते.

१६ जुलै, बुधवार

एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाचा मेल: दहा नग हवेत, सोबत कॉस्ट ब्रेकअप पाठवा. वहिनींनी सवयीने फॉर्म भरायला घेतला होता. थांबवला. ब्रेकअप दिला की चर्चा ९५ रुपयांच्या मालावर आणि १८ मिनिटांवर येते, आणि वाचणाऱ्या तासांचं नावही निघत नाही. उत्तर अण्णांनी स्वतः सांगितलं आणि वहिनींनी टाइप केलं: ही आमची कॅटलॉगमधली वस्तू आहे, सोबत दरपत्रक जोडलं आहे, दहा नगांना वाहतूक आमच्याकडून. तुमच्या ड्रॉइंगवरचं काम असेल तर ब्रेकअप नेहमीप्रमाणे देऊच.

जॉबवर्कचे दर आम्ही खर्चावरच काढत राहणार आहोत. तिथे गिऱ्हाइकाचा दुसरा पर्याय म्हणजे शेजारच्या शेडमधलं तसंच मशीन, त्यामुळे मूल्याचा हिशोब केला तरी आकडा त्याच जागी येतो.

२१ जुलै, सोमवार

पिंपरीतले टूल्सचे एक दुकानदार माल ठेवायला तयार आहेत, २५ टक्के मागतात. खर्चाधारित १,००० दराने आमच्या हाती ७५० आले असते. वाटून घेतलेल्या खर्चासकट वस्तू ८०० ला पडते, म्हणजे प्रत्येक नगावर ५० तोटा. दुकानदाराचा वाटा त्या पहिल्या तक्त्यात धरलेलाच नव्हता, कारण जॉबवर्कमध्ये मध्ये कोणी नसतं.

साधा प्रकार ९५० ला, २५ टक्के जाऊन ७१२, नगामागे ३१२ सुटतात. खाचेचा २,४०० ला, हातात १,८००, सुटतात १,३००. आकडे दोन्हीकडे जमतात, पण खाचेचा स्टॉपर काउंटरवर ठेवला तर त्याच्याशेजारी आयात स्टॉपरचा २,२०० चा डबा असेल आणि स्टॉपवॉच लावून दाखवायला कोणी नसेल. म्हणून दुकानात फक्त साधा. खाचेचा आम्हीच विकायचा, महिनाभर मशीनवर ठेवून.

दरपत्रक आज छापायला दिलं. आयात स्टॉपरचा ऑनलाइन भाव दर महिन्याच्या १ तारखेला बघून या वहीत लिहायचं काम वहिनींनी घेतलं आहे. तो १,६०० वर आला तर माझे कच्चे २,५०० सोडून मूल्य २,१०० राहतं, कारण तुटलेल्या दांडीची बचतही मग ८०० वर येते. तेव्हा २,४०० चा दर टिकवायला चिंचवडचा महिन्याभराचा सेटिंगचा कागद लागेल, म्हणून त्याची प्रत मागून घेतली आहे.